एका टॉवेलचा आठवडा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीला असतो. गेल्या उन्हाळ्यात साहेबांनी टेक्स्टाइल डिप्लोमाची एक मुलगी इंटर्न म्हणून माझ्याकडे सोपवली. कुणाला शिकवायची माझी पहिलीच वेळ. रविवारी बसून मी पहिल्या आठवड्याचा कागद केला: वार्पिंग, लूम, डाइंग, ड्रायर, शिलाई, पॅकिंग. सहा दिवस, सहा खाती. सोमवारी संध्याकाळी तिची वही पाहिली. चार पानं भरली होती, पण एकही प्रश्न नव्हता.

मी कागद फाडला. मंगळवारी तिच्या हातात 70 बाय 140 सेंटिमीटरचा एक तयार टॉवेल दिला. म्हटलं, आठवडाभर हाच धरून उलटं चालायचं, पॅकिंगपासून बीमपर्यंत. वहीत तीन रकाने: काय दिसलं, काय मोजलं, काय कळलं नाही. सकाळी दहा मिनिटं मी त्या दिवसाचं एकच काम सांगायचं. संध्याकाळी पंधरा मिनिटं फक्त तिसरा रकाना.

गुरुवारी काम होतं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. ऑर्डर 450 ची होती, पाच टक्के सूट. टॉवेलचं क्षेत्रफळ 0.98 चौरस मीटर, म्हणजे वजन 441 ग्रॅमच्या आसपास हवं. दुपारी ती धावत आली. "सर, लॉट हलका आलाय. 415 भरतंय." भागाकार बरोबर होता: 423. सूट धरली तरी 427.5 च्या खाली. लॉट नापास.

कारण मला लगेच कळलं, आणि ते जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात सोमवारची वही आठवली. मी एवढंच विचारलं, "टॉवेल कुठून उचललेस?"

"ड्रायरच्या ट्रॉलीतून. गरम होते अजून."

"मग तेच टॉवेल लॅबमध्ये पसरून ठेव. उद्या याच वेळी पुन्हा तोल."

शुक्रवारी काटा 438 वर थांबला. जीएसएम 447. टॉवेल तेच, काटाही तोच. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलं होतं: "23 ग्रॅम आले कुठून?" तेव्हा मी सांगितलं. कापूस हवेतली वाफ पितो. 65 टक्के आर्द्रतेच्या लॅबमध्ये 100 ग्रॅम कोरडा कापूस साधारण साडेआठ ग्रॅम पाणी धरतो. ड्रायर ते काढून घेतो, लॅबची हवा परत देते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये लॅबबाहेर ठेवला असता, तर तो एवढा भरलाच नसता.

गुरुवारीच सांगून टाकलं असतं, तर तिने ते पाचव्या पानावर उतरवून घेतलं असतं.

शनिवारी वही उघडली तर मी न सांगता चौथा रकाना आखलेला होता: "ड्रायरमधून निघून किती तास झाले." आता तो आमच्या तपासणीच्या कागदावरही आहे.