कच्छची सहल : माहितीपत्रकात काय लिहिलेलं असावं

येत्या डिसेंबरात, म्हणजे 2026 मध्ये, मार्गशीर्ष पौर्णिमा 23 तारखेच्या रात्री येते आहे. नाताळची सुट्टी आणि कच्छच्या पांढऱ्या रणावरची पौर्णिमा असा योग दरवर्षी जुळत नाही. सहल कंपन्यांची माहितीपत्रकं याच तारखेभोवती आखली जातील. ती कशी वाचायची, याचा एक नमुना बघू.

मथळा असतो ‘5 रात्री 6 दिवस’. 22 डिसेंबरला संध्याकाळी मुंबईहून गाडी, 23 ला सकाळी भुज. तिथून धोरडो साधारण ऐंशी किलोमीटर. तो दिवस रणासाठी. 24 ला काळो डुंगर आणि तिथून धोलावीरा. 25 ला मांडवीचा किनारा आणि तिथली लाकडी गलबतं बांधण्याची जागा. 26 ला भुज शहर, रात्री परतीची गाडी आणि 27 ला सकाळी मुंबई. सहा तारखा पडतात खऱ्या, पण हॉटेलात झोपायच्या रात्री तीनच. उरलेल्या दोन गाडीतल्या. यात खोटं काही नाही. तरीही चांगल्या माहितीपत्रकात ‘3 रात्री मुक्काम, 2 रात्री रेल्वेप्रवास’ असं सरळ लिहिलेलं असतं. दोन कंपन्यांच्या दरांची तुलना करायची, तर ती मुक्कामाच्या रात्रींवरूनच करावी.

या सहलीचा जीव 23 च्या संध्याकाळी आहे. सूर्य मावळतो त्याच सुमारास पूर्वेला चंद्र वर येतो आणि पायाखालचं मीठ आधी गुलाबी, मग निळसर होत जातं. म्हणून ‘धोरडो दर्शन’ आणि ‘धोरडो मुक्काम’ या दोन शब्दांत फार अंतर आहे. दर्शन असेल तर मुक्काम बहुधा भुजमध्ये असतो, आणि चंद्र जरा वर येईपर्यंत बस परत फिरण्याची घाई सुरू होते. मुक्काम असेल, तर तो तंबूत, की होडका किंवा आसपासच्या गावातल्या भुंग्यात (म्हणजे मातीच्या गोल घरात), हे विचारावं. ‘किंवा तत्सम हॉटेल’ असं छापलेलं दिसलं, की निदान गावाचं नाव लेखी मागून घ्यावं. रणाचा परवाना लागतो. त्याचं शुल्क दरात धरलंय का, आणि मिठापर्यंत जाणाऱ्या उंटगाडीचे पैसे कोणी द्यायचे, हेही समाविष्ट-असमाविष्टच्या यादीत असायला हवं. पाऊस लांबला तर रणात पाणी आणि चिखल जास्त दिवस राहतो. पांढऱ्याशुभ्र मिठाची हमी कुणी देत असेल, तर ती हमी निसर्गाच्या वतीने दिलेली आहे, एवढं लक्षात असू द्यावं.

जेवणाच्या ओळीत ‘नाश्ता व रात्रीचे जेवण’ असेल, तर दुपारचं जेवण आपल्या खिशातून. धोलावीऱ्याच्या दिवशी ही गोष्ट जाणवते, कारण वाटेत खाण्याची ठिकाणं तुरळक आहेत. दर ‘प्रतिव्यक्ती, दोघांत एक खोली’ असा असतो. समजा तो 24,000 रुपये आहे. त्यावर पाच टक्के जीएसटी धरला की माणशी 1,200 वाढतात. एकट्याने जाणाऱ्याला वेगळ्या खोलीचा फरक भरावा लागतो आणि लहान मुलाचा दर जादा गादीसह की गादीशिवाय, यावर बदलतो.

नोंदणीच्या मुदतीचं खरं गणित रेल्वेच्या हातात आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण प्रवासाच्या तारखेआधी 60 दिवस खुलं होतं. 22 डिसेंबरच्या गाडीचं आरक्षण त्या हिशेबाने 23 ऑक्टोबरला खुलं होईल, म्हणजे दसरा उलटल्यावर लगेच. परतीच्या 26 तारखेचं 27 ऑक्टोबरला. ‘दिवाळीनंतर ठरवू’ म्हणणाऱ्यांना दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, हे ध्यानात घ्यावं लागेल. नाताळच्या आठवड्यातल्या गाड्यांना तोवर प्रतीक्षायादी लागलेली असण्याचीच शक्यता जास्त. ऑनलाइन काढलेलं पूर्ण प्रतीक्षायादीतलं तिकीट तक्ता लागेपर्यंत पक्कं झालं नाही, तर आपोआप रद्द होतं. तंबू ठरलेला आणि गाडी नाही, अशी अवस्था येते.

त्यामुळे ‘30 सप्टेंबरपर्यंत सवलत’ ही ओळ वाचताना सवलतीपेक्षा तिच्याखालची बारीक अक्षरं महत्त्वाची. तिकीट पक्कं झालं नाही तर कंपनी काय करणार: दुसरी गाडी, विमानाचा फरक मागणार, की पूर्ण पैसे परत? डबा स्लीपरचा की थर्ड एसीचा? सहल प्रवाशाने रद्द केली, तर किती दिवस आधी किती कापणार? या तिन्हींची उत्तरं पावतीवर घ्यावीत आणि 23 ऑक्टोबरच्या संध्याकाळी कंपनीकडे पीएनआर मागावा. तो मिळाला की आसन पक्कं झालंय की नाही, हे आपलं आपल्याला तपासता येतं.