साजाचा पिवळा कोणता? सराफाचे फोटो-संपादकाला पत्र

छोट्या सराफी पेढीत दागिन्यांचे फोटो काढायला माणूस मिळतो. ते फोटो स्वच्छ करून छपाईसाठी किंवा मोबाइलवर पाठवण्यासाठी तयार करणारा मात्र बहुतेक वेळा बाहेरचा असतो. तो इंदूरला असेल, कोलकात्याला असेल, आणि त्याने तो दागिना कधी हातात घेतलेला नसतो. त्यामुळे सणाआधी त्याला जाणाऱ्या पत्रात दोन गोष्टी पक्क्या असाव्या लागतात: कोणता फोटो कोणत्या तारखेला हवा, आणि सोन्याचा कोणता रंग बरोबर मानायचा.

तारखांचा हिशेब सणापासून मागे करतात. पत्रात ‘दसऱ्याआधी’ किंवा ‘धनत्रयोदशीला’ एवढेच लिहिले तर घोटाळा होतो. २०२५ मध्ये धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती ६ नोव्हेंबरला गेली. गेल्या वर्षीच्या अंदाजावर चालणारा संपादक एवढ्या फरकाने चुकू शकतो, म्हणून तिथीशेजारी तारीख आणि वार लिहिलेलाच बरा.

कोल्हापूरच्या गुजरीतल्या एखाद्या पेढीचे २०२६चे उदाहरण घेऊ. चोवीस दागिने आहेत आणि प्रत्येकाचे तीन फोटो, म्हणजे एकूण ७२. नक्षीदार दागिन्याच्या एका फोटोला चाळीस मिनिटे धरली, तर ४८ तास होतात. एका माणसाचे हे सहा दिवसांचे काम झाले, आणि त्यात दुरुस्त्या धरलेल्या नाहीत. हे सगळे एकदम मागण्यापेक्षा दोन हप्त्यांत मागणे शहाणपणाचे. पितृपक्षात सोन्याची खरेदी थंडावते, दुकानात गर्दी नसते आणि दागिने तिजोरीतून काढून निवांत मांडता येतात. यंदा तो २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर आहे. फोटो काढून घ्यायला यापेक्षा सोयीचा काळ नाही.

पहिल्या हप्त्याचे ३६ फोटो ३० सप्टेंबरला संपादकाकडे जातात. त्याचा कच्चा मसुदा ६ ऑक्टोबरला येतो आणि अंतिम फोटो ९ ऑक्टोबरला. ११ तारखेला घटस्थापना असते आणि त्या दिवसापासून हे फोटो ग्राहकांच्या मोबाइलवर जाऊ लागतात. दुसरा हप्ता छापील पत्रकासाठी आहे. पत्रक १ नोव्हेंबरच्या रविवारी वर्तमानपत्रात घालून वाटायचे असेल, तर छापखान्याला चार दिवस लागतात आणि हाताशी एक दिवस राखून ठेवावा लागतो. म्हणून अंतिम फाइल २७ ऑक्टोबरला, मंगळवारी, हवी. मसुदा त्याच्या चार दिवस आधी.

इथे एक अडचण घरबसल्या लक्षात येत नाही. संपादक कोलकात्याचा असेल तर षष्ठीपासून दशमीपर्यंत त्याच्याकडे दुर्गापूजा असते, आणि यंदा दसरा २० ऑक्टोबरला आहे. म्हणजे पेढीची घाई आणि त्याची सुट्टी एकाच आठवड्यात येतात. दुसऱ्या हप्त्याचे फोटो त्याच्या हातात १० तारखेपर्यंत पडले नाहीत, तर २३ तारखेचा मसुदा कागदावरच राहतो. पत्रात ही तारीख पेढीची स्वतःची मुदत म्हणून लिहायची असते, कारण उशीर बहुधा इकडूनच होतो: कारागिराकडून दागिना वेळेवर येत नाही.

रंगाचा भाग अधिक किचकट आहे. ‘सोनेरी’ हा शब्द संपादकाला काहीच सांगत नाही. बावीस कॅरेटच्या दागिन्यात सोने ९१.६ टक्के असते आणि उरलेल्या भागात मुख्यतः तांबे व चांदी. तांबे जास्त असेल तर दागिना तांबूस दिसतो, चांदी जास्त असेल तर फिकट, किंचित हिरवट. वरून गेरूचे पॉलिश असेल तर तांबूसपणा आणखी गडद होतो. संगणकावर gold या नावाचा जो रंग मिळतो, त्याचा आकडा #FFD700 आहे. तो सपाट लिंबूपिवळा आहे आणि त्याच्या जवळ नेलेला कोणताही दागिना खोटा दिसतो.

शिवाय सोन्याला स्वतःचा एकच रंग नसतो. ते आरशासारखे आजूबाजूचे रंग दाखवते. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली, सुमारे ३००० केल्व्हिनच्या उजेडात, साज जितका उबदार दिसतो तितका तो दिवसाच्या ५००० ते ५५०० केल्व्हिनच्या उजेडात दिसत नाही. म्हणून मंजूर रंग म्हणजे ‘दुकानात दिसतो तसा’ नव्हे. एका ठरावीक उजेडात काढलेला, राखाडी कार्ड शेजारी ठेवलेला आणि मालकाने मूळ दागिन्याशी ताडून पाहिलेला फोटो हा खरा संदर्भ. संपादक त्या कार्डावर रंग सुधारण्याचे साधन टेकवतो, तेव्हा उजेडाचा पिवळेपणा निघून जातो आणि उरतो तो धातूचा.

असा संदर्भ प्रत्येक दागिन्याला लागत नाही. धातूचा आणि पॉलिशचा प्रकार बदलेल तिथे एक, एवढे पुरते. पत्रात त्याच्या फाइलचे नाव आणि मंजुरीची तारीख लिहितात आणि दागिन्यावरच्या तीन जागांचे रंग नोंदवतात: चमकेचा, मधल्या छटेचा आणि सावलीचा. मजकूर साधाच असतो: “साजासाठी saaj_22k_geru_ref.tif हा फोटो प्रमाण मानावा. मधली छटा लाल २०५, हिरवा १५५, निळा ७२ च्या आसपास असावी. मोबाइलसाठीच्या सर्व फाइल sRGB मध्ये द्याव्यात. व्हॉट्सअॅपवर आलेल्या प्रतीवरून रंग ठरवू नये.” शेवटचे वाक्य अनुभवातून येते. तिथे फोटो दाबून लहान होतो आणि नक्षीच्या कडा बोथट होतात.

या आकड्यांतला महत्त्वाचा भाग म्हणजे लाल आणि हिरव्यातले अंतर. हिरवा आकडा लालच्या फार जवळ गेला की सोने लिंबासारखे दिसते, फार खाली गेला की तांब्यासारखे. चूक कुठे झाली हे पांढऱ्या पार्श्वभूमीवरून कळते. पार्श्वभूमीही पिवळी असेल तर उजेडाची दुरुस्तीच झालेली नाही. ती पांढरी असून सोने जास्त पिवळे असेल, तर संपादकाने धातूवर वेगळा रंग चढवला आहे.

साज यात सर्वांत नाजूक. परंपरेने त्याला २१ पाने सांगतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक आणि पाचूची, आणि एक डोरले. सगळ्या फोटोचा पिवळा एकदम कमीजास्त केला तर माणिक केशरी होते आणि पाचू मळकट. म्हणून खड्यांची पाने आधी वेगळी निवडून ठेवावीत आणि बाकीच्या धातूचाच रंग सुधारावा, असे पत्रात स्पष्ट लिहितात. त्यासोबत आणखी एक सूचना हवी: डाग पुसताना एका पानाची प्रत दुसऱ्यावर बसवू नये. न जाणणाऱ्या नजरेला पाने सारखी वाटतात, पण मत्स्याच्या जागी कूर्म दोनदा आला की जाणकार गिऱ्हाईक ते पहिल्यांदा पाहते.

छपाईची फाइल वेगळी असते, कारण शाईत पडद्याइतकी चमक येत नाही. तिथे संपादकाच्या पडद्यावरच्या रंगापेक्षा छापखान्याने त्याच कागदावर काढून दिलेला नमुना मंजूर करतात, आणि तो दिवसाच्या उजेडात दागिन्याशेजारी धरून पाहतात.

दुरुस्तीची एक फेरी ठरलेल्या दरात येते. तारखेत दिलेला संदर्भ पेढीनेच नंतर बदलला, तर ती दुरुस्ती धरत नाहीत. ते नवे काम होते, त्याचा दर वेगळा लागतो आणि तारीखही नव्याने ठरते.