स्पॅनिशमधले दोन ‘आहे’

मराठीत ‘पाणी थंड आहे’ आणि ‘पाणी पेल्यात आहे’ या दोन्ही वाक्यांना एकच क्रियापद पुरते. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे आहेत: सेर आणि एस्तार. दोन्ही लॅटिनमधून आली. सेरची बरीच रूपे ‘असणे’ या अर्थाच्या एस्सेपासून, तर काही ‘बसणे’ या अर्थाच्या सेदेरेपासून आली. एस्तारचे मूळ स्तारे, म्हणजे ‘उभे असणे’. उभा माणूस कुठेतरी, कसातरी उभा असतो. म्हणूनच जागा आणि अवस्था सांगण्याचे काम एस्तारकडे आले आणि वस्तू मुळात काय आहे, कशी आहे, हे सांगणे सेरकडे राहिले.

शिकणाऱ्यांना सहसा सोपा नियम सांगितला जातो: कायमचे असेल तर सेर, तात्पुरते असेल तर एस्तार. तो फार दूर नेत नाही. ‘तो मेला आहे’ याला स्पॅनिशमध्ये ‘एस्ता मुएर्तो’ म्हणतात. मरणाइतके कायमचे दुसरे काय असणार? तरीही इथे एस्तारच येते, कारण मृतपण ही एका बदलातून आलेली अवस्था मानली जाते. उलट तारुण्य सरणारे असूनही ‘ती तरुण आहे’ याला ‘एस होवेन’, म्हणजे सेर. इथे ती कोणत्या वयाची व्यक्ती आहे हे सांगितले जाते.

विशेषण तेच ठेवून क्रियापद बदलले की फरक स्पष्ट दिसतो. ‘ला मान्साना एस वेर्दे’ म्हणजे सफरचंद हिरव्या जातीचे आहे. ‘ला मान्साना एस्ता वेर्दे’ म्हणजे ते अजून कच्चे आहे. ‘एस लिस्तो’ म्हणजे तो हुशार आहे, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तो तयार आहे. ‘एस आबुर्रिदो’ म्हटले तर माणूस कंटाळवाणा ठरतो, ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हटले तर तो स्वतःच कंटाळलेला असतो. स्वतःविषयी बोलताना इथे सेर वापरणारा नवशिका आपलीच बदनामी करून घेतो! काही विशेषणांचा मूळ अर्थ बदलत नाही, फक्त रोख बदलतो. ‘आना एस ग्वापा’ म्हणजे आना दिसायला सुंदर आहे. ‘आना एस्ता ग्वापा’ म्हणजे ती आज, या कपड्यांत, छान दिसते आहे.

जागेच्या बाबतीत एक गाठ उरते. वस्तू, माणूस, शहर कुठे आहे हे एस्तार सांगते. त्यामुळे माद्रिद स्पेनमध्ये आहे हेसुद्धा एस्तारनेच सांगायचे, मग माद्रिद तिथून कधी हलणार नसले तरी. घटना कुठे होणार हे मात्र सेर सांगते. ‘एल एक्सामेन एस एन एल आउला त्रेस’ याचा अर्थ परीक्षा तीन नंबरच्या वर्गात होणार आहे. तेच वाक्य ‘एस्ता’ घालून म्हटले, तर एक्सामेन म्हणजे कागदाची प्रश्नपत्रिका होते आणि ती त्या वर्गात ठेवलेली आहे असा अर्थ निघतो.