शून्य आले, तरी नाते आहे

सांख्यिकीचा गृहपाठ हल्ली फोटोतून फिरतो. वर्गातल्या कोणीतरी फळ्यावरचे कोष्टक मोबाइलमध्ये टिपतो, ग्रुपवर टाकतो, आणि खाली प्रश्न असतो: सहविचरण काढा, X आणि Y स्वतंत्र आहेत का ते तपासा. फोटो तिरका असतो, एखाद्या कोपऱ्यावर फ्लॅशची चमक असते. असेच एक कोष्टक घेऊ. समजा, X म्हणजे टपरीवर एका गिऱ्हाइकाने घेतलेले चहाचे कप, आणि Y म्हणजे त्याने सोबत वडा घेतला की नाही (घेतला तर १, नाही तर ०). प्रत्येक घरात त्या जोडीची संभाव्यता लिहिली आहे.

| | Y = ० | Y = १ |
|---|---|---|
| X = १ | ०.१० | ०.२५ |
| X = २ | ०.२० | ०.१० |
| X = ३ | ०.१० | ? |

शेवटचे घर चमकेत गेले आहे. पण सगळ्या घरांची बेरीज १ व्हायलाच हवी. दिसणाऱ्या पाच घरांची बेरीज ०.७५ येते, म्हणजे हरवलेला आकडा ०.२५. या बेरजेवर मात्र फार विसंबू नये. फोटोवरून उतरवताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तरी बेरीज १ च राहते. फळ्यावर ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा लिहिलेल्या असतील, तर त्याही पडताळून पाहाव्यात. अशी चूक बहुधा तिथे पकडली जाते. फक्त त्या बेरजांचा रकाना चुकून आणखी एक मूल्य म्हणून धरू नये.

आता ओळींच्या बेरजा करू. X ची मूल्ये १, २, ३ असण्याच्या संभाव्यता अनुक्रमे ०.३५, ०.३० आणि ०.३५. स्तंभांच्या बेरजा ०.४० आणि ०.६०. यांना सीमांत संभाव्यता म्हणतात: दुसऱ्या चलाकडे न पाहता एकट्या चलाचे वाटप. त्यावरून X ची सरासरी ०.३५ + ०.६० + १.०५ = २, आणि Y ची ०.६०.

सहविचरणाचे सूत्र आहे:

Cov(X, Y) = E(XY) − E(X)·E(Y)

E(XY) साठी प्रत्येक घरात X गुणिले Y गुणिले संभाव्यता असा गुणाकार करून सगळे मिळवायचे. Y = ० चा स्तंभ आपोआप गळतो. उरते ०.२५ + ०.२० + ०.७५ = १.२०. सरासरींचा गुणाकारही २ × ०.६० = १.२०. सहविचरण शून्य.

बरेच विद्यार्थी इथेच 'म्हणून X आणि Y स्वतंत्र' असे लिहून मोकळे होतात, आणि निम्मे गुण जातात. स्वातंत्र्याची अट वेगळी आहे. प्रत्येक घरातली संभाव्यता ही त्या ओळीच्या आणि त्या स्तंभाच्या बेरजांचा गुणाकार असली पाहिजे. पहिलेच घर पाहा: ०.३५ × ०.४० = ०.१४, पण कोष्टकात आहे ०.१०. एक घर फसले की पुरे. बाकीची तपासायची गरज नाही. X आणि Y स्वतंत्र नाहीत.

मग शून्य आले कसे? वडा न घेणाऱ्यांमध्ये दोन कप पिणारे निम्मे आहेत (०.२० भागिले ०.४०). वडा घेणाऱ्यांमध्ये ते जेमतेम एक षष्ठांश. तिथे लोक एक कप तरी पितात, नाहीतर तीन. म्हणजे वडा घेतला हे कळल्यावर कपांबद्दलचा आपला अंदाज बदलतो. पण दोन्ही गटांची सरासरी दोनच कप येते. एक आणि तीन एकमेकांना तोलून धरतात. सहविचरण फक्त एक चल वाढले की दुसरे सरासरीने त्याबरोबर वाढते की घटते एवढेच पाहते. वाटपाचा आकार बदलला आणि सरासरी जागेवर राहिली, तर त्याला काहीच दिसत नाही.

त्यामुळे निष्कर्षाची वाट एकाच दिशेने जाते. चल स्वतंत्र असतील तर सहविचरण शून्यच. सहविचरण शून्य नसेल तर ते नक्की स्वतंत्र नाहीत. शून्य आल्यावर मात्र घरे तपासावीच लागतात. अपवाद एक: दोन्ही चलांना प्रत्येकी दोनच मूल्ये असतील, तर शून्य सहविचरण स्वातंत्र्याला पुरते. आणि एखाद्या घरात ० असेल, पण त्याच्या ओळीची व स्तंभाची बेरीज ० नसेल, तर गणित न करताच 'स्वतंत्र नाहीत' असे लिहिता येते.

हे सगळे कोष्टकातल्या संभाव्यता नेमक्या दिल्या आहेत असे धरून. टपरीवर बसून शंभर गिऱ्हाइके मोजून कोष्टक बनवले, तर चल खरोखर स्वतंत्र असले तरी गुणाकार काटेकोर जुळणार नाहीत. तो फरक योगायोगाचा की खरा, हे ठरवायला कार्ल पिअरसनची १९०० सालची काय-वर्ग चाचणी लागते.