कोल निद्रे : शपथांतून सुटका मागणारी संध्याकाळ

योम किप्पुर म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस. पंचवीस तासांचा कडकडीत उपवास सुरू होण्याआधी, सूर्य पुरता मावळलेला नसतानाच, सिनॅगॉगमधली पवित्र कपाट उघडतात आणि तोराच्या गुंडाळ्या बाहेर काढतात. हझान, म्हणजे प्रार्थना गाणारा, मधोमध उभा राहतो आणि तोरा हाती घेतलेले दोघे त्याच्या दोन्ही बाजूंना. ज्यू धर्मशास्त्रात न्यायासन तिघांचं असतं. इथेही पूजेआधी न्यायालय बसतं.

मग ‘कोल निद्रे’ सुरू होतं. या दोन अरामी शब्दांचा अर्थ ‘सगळ्या शपथा’. ऐकताना ती प्रार्थना वाटते, पण मजकुरात देवाची स्तुती नाही आणि क्षमेची याचनाही नाही. ते एक कायदेशीर निवेदन आहे. नवस, शपथा, स्वतःवर घातलेली बंधनं यांचे प्रकार एकामागोमाग सांगून ती सगळी रद्द, निष्प्रभ झाली असं त्यात जाहीर केलं जातं. हे तीनदा म्हणतात. पहिल्यांदा आवाज अगदी खाली, राजवाड्यात पहिलं पाऊल टाकणाऱ्याचा असावा तसा. दुसऱ्यांदा थोडा मोकळा आणि तिसऱ्यांदा भरून.

शपथ अशी सोडवता येत असेल, तर ज्यूंच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? हा आरोप मध्ययुगीन युरोपात वारंवार झाला. 1240 साली पॅरिसमध्ये भरलेल्या धर्मवादातही तो पुढे आला. त्याचं उत्तर साधं आहे. समजा, एकाने मनाशी ठरवलं, ‘वर्षभर मांसाला शिवणार नाही’, आणि पुढे ते त्याच्याने निभलं नाही. हा त्याचा आणि देवाचा मामला. कोल निद्रेचा संबंध एवढ्याशीच. त्याने शेजाऱ्याचे पैसे परत करायची शपथ घेतली असेल, तर ती तशीच उभी राहते. शेजाऱ्याचं देणं फेडून त्याचं मन वळवल्याशिवाय योम किप्पुरचा दिवसही त्या अपराधाला पुरत नाही, असं मिश्ना हा धर्मग्रंथ सांगतो. शिवाय आठवणीत असलेला एखादा खास नवस सोडवायचा, तर तिघांपुढे जाऊन तो कोणता ते सांगावं लागतं आणि त्याचा पश्चात्तापही बोलून दाखवावा लागतो.

धर्मपंडितांना हा विधी सुरुवातीपासून खटकत होता. नवव्या शतकात बॅबिलोनियातल्या राव अम्रामने आपल्या प्रार्थनासंग्रहात तो नोंदवला, पण मूर्ख रूढी असा शेराही दिला. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या रब्बेनू ताम यांनी वेगळा मुद्दा काढला. नवस कोणता हे न सांगता मागचे नवस एकगठ्ठा सोडवता येतील कसे? त्यापेक्षा पुढच्या वर्षात नकळत तोंडून निघतील त्या शपथा आधीच निष्फळ ठरवाव्यात. म्हणून ‘मागच्या योम किप्पुरपासून या योम किप्पुरपर्यंत’ याऐवजी ‘या योम किप्पुरपासून पुढच्यापर्यंत’ असं म्हणायचा पाठ पूर्व आणि मध्य युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये रुळला. काळ भविष्यातला झाला, पण क्रियापदं मात्र भूतकाळाचीच राहिली.

ही विसंगती का सुधारली गेली नाही? सोळाव्या शतकातले प्रागचे रब्बी मोर्देकाय याफे यांनी आपल्या हझानांना शुद्ध पाठ शिकवून पाहिला. पण ऐन प्रार्थनेच्या वेळी हझानांच्या तोंडून जुनेच शब्द निघत, कारण ते चालीत घट्ट बसलेले होते. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. विद्वानांचा तर्क सुराने अडवला, आणि त्या काळी चाल किती पक्की झाली होती याचा पुरावाही याच तक्रारीतून मिळतो.

अश्केनाझींची ही चाल कुणा एकाने बांधलेली नाही. सुरुवातीचे स्वर खाली उतरत जातात, जणू मान झुकते आहे. मग आवाज पायरी पायरीने वर चढतो, थांबतो, पुन्हा उतरतो. जर्मनीतल्या सुधारणावादी रब्बींनी 1844 साली ब्राउनश्वाइगच्या परिषदेत कोल निद्रे वगळायचा ठराव केला. कित्येक ठिकाणी शब्द गेलेही, पण चाल सोडवेना. तिच्यावर दुसरे शब्द बसवले गेले. माक्स ब्रूख या प्रोटेस्टंट संगीतकाराने ती बर्लिनमधल्या एका हझानच्या ओळखीतून ऐकली आणि चेलो व वाद्यवृंदासाठी तिच्यावर रचना केली, ती 1881 मध्ये छापली गेली. तिच्यात चेलो तुटक स्वरसमूहांत बोलतो, मध्ये श्वास घेतल्यासारखा थांबतो.

सेफार्डी ज्यूंच्या चाली मात्र वेगळ्या आहेत. कोकणातल्या बेने इस्रायलींची उपासनाही सेफार्डी वळणाची. योम किप्पुरला त्यांच्या मराठीत ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी दारं बंद करून, पांढरे कपडे घालून उपवास करायचा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणांतून पोहोचलेला तो प्रसिद्ध गंभीर सूर त्यांच्या परंपरेचा नव्हे.

गाणं तिसऱ्यांदा संपलं की ‘तुझ्या शब्दाप्रमाणे मी क्षमा केली आहे’ हे तोरातलं वचन म्हणतात. एव्हाना बाहेर अंधार पडू लागतो. तालित, म्हणजे प्रार्थनेची झालरीची शाल, एरवी दिवसाउजेडी पांघरायची. कोल निद्रे उजेडातच सुरू झालेलं असल्याने आज ती रात्रीही खांद्यावरच राहते.