दोन पॅडांमधली वाट

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या एका ओळखीच्या घरातून गिझरचा बंद पडलेला टायमर माझ्याकडे आला. डबी उघडली तेव्हा हिरव्या बोर्डावर दोन खुणा दिसल्या. रिलेकडे जाणाऱ्या तांब्याच्या ट्रॅकभोवतीचा हिरवा रंग तपकिरी झाला होता. आणि रिलेखाली, सोल्डरच्या दोन टिकल्यांमध्ये, केसाएवढी काळी रेघ होती, वाळक्या काटकीसारखी फांद्या फुटलेली. रिले चांगला होता, चिपही चांगली होती. चूक बोर्डाच्या आखणीत होती.

आधी तपकिरी खूण घेऊ. गिझर २००० वॉटचा, वीज २३० व्होल्ट, म्हणजे प्रवाह सुमारे ८.७ अँपिअर. भिंतीतून गिझरला येणारी वायर आपण जाड निवडतो, पण तोच प्रवाह बोर्डावर ज्या तांब्यातून जातो त्याची जाडी बहुतेक वेळा फक्त ३५ मायक्रॉन असते. जाडी ठरलेली असल्यामुळे आखणाऱ्याच्या हातात उरते ती रुंदी. या बोर्डावर ती दीड मिमी होती आणि ट्रॅकची लांबी ५ सेंमी. एवढ्या पट्टीचा रोध सुमारे १६ मिलिओहम भरतो आणि ८.७ अँपिअरला तिच्यात सव्वा वॉट उष्णता तयार होते. आकडा छोटा वाटतो, पण ही उष्णता सुतळीएवढ्या पट्टीतून बाहेर पडायची असते. आखणीसाठी जगभर वापरले जाणारे आयपीसी-२२२१ या मानकातले सूत्र लावले, तर हा ट्रॅक भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ९५ अंशांनी तापतो. बंद डबीत ४५ अंश धरले तरी तांबे १४० अंशांवर पोहोचते, आणि बोर्डाचे नेहमीचे काच-इपॉक्सी १३० ते १४० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. रोज सकाळी तासभर असे तापणारे बोर्ड तपकिरी होणारच.

त्याच सूत्राने १० अँपिअर धरून तापमानवाढ २० अंशांवर रोखायची, तर रुंदी ४.७ मिमी लागते. मी सरळ ५ मिमी घेतो. तांबे ७० मायक्रॉनचे मागवले तर निम्मी रुंदी पुरते. बरेच जण ट्रॅक उघडा ठेवून त्यावर सोल्डर चढवतात. त्याने थोडा फरक पडतो, पण सोल्डर तांब्याच्या आठ-नऊ पट विरोध करते, म्हणून त्याच्या भरवशावर ट्रॅक अरुंद ठेवू नये.

ट्रॅक रुंद केला की तो शेजाऱ्याच्या जवळ सरकतो, आणि काळ्या रेघेची गोष्ट इथून सुरू होते. टायमरमध्ये होता तो बाजारात सर्वत्र मिळणारा निळा चौकोनी रिले. त्याला पाच पिना असतात. दोन कॉइलच्या, म्हणजे चिपकडून येणाऱ्या ५ व्होल्टच्या. उरलेल्या तीन २३० व्होल्टच्या, आणि त्यांतली कॉमन नावाची पिन नेमकी कॉइलच्या दोन पिनांच्या मध्ये येते. केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर सव्वासहा मिमी. पण पिनेभोवती सोल्डरसाठी तांब्याची टिकली, म्हणजे पॅड, लागतो. दोन्ही पॅडांची जागा वजा केली की तांब्यापासून तांब्यापर्यंत उरतात साडेतीन मिमी. एका बाजूला घरची वीज, दुसऱ्या बाजूला टायमरच्या बटणापर्यंत जाणारी, ओल्या बोटाने दाबली जाणारी वायर.

अंतर दोन प्रकारे मोजतात. माशी एका पॅडवरून दुसऱ्यावर हवेतून सरळ उडेल ते क्लिअरन्स. मुंगी बोर्डाच्या पृष्ठभागावरून चालत जाईल ते क्रीपेज. हवेत ठिणगी उडायला व्होल्टेजचा मोठा झटका लागतो. पृष्ठभागावरचा बिघाड मात्र संथ असतो. धूळ आणि ओल मिळून पातळ थर बसतो, त्यातून अतिशय क्षीण प्रवाह वाहतो, त्याच्या उष्णतेने थर एखाद्या जागी सुकतो आणि त्या सुक्या फटीत बारीक ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी इपॉक्सीचा कणभर कोळसा करते. कोळसा वीज वाहतो, म्हणून पुढची ठिणगी त्याच्या टोकाशी पडते आणि रेघ वाढत जाते. वरच्या हिरव्या लेपाने हे थांबेल असे मी कधीच धरत नाही.

मग किती अंतर हवे? आयईसी ६०६६४-१ या मानकाप्रमाणे अशा साध्या बोर्डावर २५० व्होल्टसाठी, कोरड्या खोलीत, मूळ क्रीपेज अडीच मिमी. दुसऱ्या बाजूला माणसाचा हात पोहोचत असेल तर दुप्पट, ५ मिमी. न्हाणीघराच्या माळ्यावर, जिथे ओल कायमची, तिथे मूळ अंतर ४ मिमी आणि दुप्पट केल्यावर ८. माशीच्या वाटेला मात्र घरगुती उपकरणात, हात पोहोचत असला तरी, ३ मिमी चालतात. म्हणजे हवेतले साडेतीन मिमी पुरेसे होते. मुंगीला हवे होते ८ आणि तिला मिळाले साडेतीन.

पिना हलवता येत नाहीत, म्हणून दोन पॅडांमध्ये बोर्डच आरपार कापायचे. ही खाच मुंगीला वळसा घालायला लावते. माशीला तिचा काही फरक पडत नाही, त्यामुळे क्लिअरन्स कमी असेल तर खाचेने तो वाढत नाही. खाचेची रुंदीही मोजूनच ठेवावी लागते, कारण अरुंद फटीवर धूळ-ओलीचा पूल बसतो. मानक कोरड्या जागेसाठी १ मिमी आणि ओलसर जागेसाठी दीड मिमी मागते. त्याहून अरुंद फट हिशेबात नसल्यासारखीच.

त्याच रिलेसाठी आखणी करून पाहिली. कॉमन पॅडभोवती नालेच्या आकाराची दीड मिमी रुंदीची खाच, तोंड ट्रॅक बाहेर पडतो त्या बाजूला उघडे. नालेच्या भुजा पिनेच्या पुढे ६ मिमी न्याव्या लागल्या, तेव्हा वळशाची वाट ९ मिमीच्या जवळ आली. आखूड भुजा काढल्या तर मुंगी टोकाशी सहज वळते, आणि ही चूक मी तयार बोर्डांवर वारंवार पाहतो. भुजांच्या मधून जाताना ५ मिमीचा ट्रॅक ४ मिमीपर्यंत आवळावा लागला. तेवढ्या छोट्या तुकड्याला ते चालते, कारण उष्णता पुढच्या रुंद तांब्यात पसरते.

इतके करूनही तो रिले मी या कामाला वापरला नाही. त्याच्या माहितीपत्रकात कॉइल आणि संपर्क यांच्यामधले आवरण मिनिटभर १५०० व्होल्ट सोसते असे लिहिलेले असते. हात पोहोचतो तिथे ही चाचणी ३००० व्होल्टची असते. बोर्डाला कितीही खाचा पाडल्या तरी रिलेच्या पोटातले अंतर वाढत नाही. नवीन बोर्डावर १६ अँपिअरचा रिले घेतला. त्याच्या कॉइलच्या पिना एका टोकाला आणि संपर्काच्या दुसऱ्या टोकाला असतात, मधे ८ मिमीहून जास्त मोकळी जागा, आणि आवरण ५००० व्होल्टचे. त्या मोकळ्या जागेत कोणताही ट्रॅक नेला नाही आणि तरीही दीड मिमीची एक सरळ खाच ठेवली, कारण धूळ साचते ती रिलेच्या सावलीतच.

खाच `Edge.Cuts` या थरावर काढावी लागते. शाईच्या थरावर काढली तर कारखाना ती छापून देतो, कापत नाही. जोडणीनंतर खाचेत फ्लक्सचा चिकट थर उरतो. तो ब्रशने धुऊन काढला, बोर्ड सुकवले, आणि वीज जोडण्याआधी २३० व्होल्टची सगळी टोके एकत्र, ५ व्होल्टची सगळी एकत्र करून मधे ५०० व्होल्टचा मेगर लावला. काटा अनंताला टेकला. जुन्या, काळ्या रेघेच्या बोर्डावर तोच मेगर अर्धा मेगोहमसुद्धा दाखवत नव्हता.