चौदा वर्षांच्या पोरीला पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची लस कशाला?

सख्यांनो, गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या की मग खरी बोलणी सुरू होतात. अशा वेळी या लसीचा विषय निघाला की एकदम चार-पाच प्रश्न येतात. "पोर अजून शाळेत जाते, तिला कसला पिशवीचा कॅन्सर?" "पुढं मूल राहील का?" "त्या लसीनं पोरी गेल्या म्हणे, खरं का?" आणि एखादी हळूच विचारते, "ही लस दिली म्हणजे लोक काय म्हणतील?" यातला एकही प्रश्न वेडगळ नाही. मुलगी आपली आहे, तेव्हा विचारलंच पाहिजे. म्हणून या अंकात एकेक शंका घेऊन बोलू.

आधी आजार समजून घेऊ. गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो. तिचं खालचं टोक म्हणजे पिशवीचं तोंड. तिथला कॅन्सर जवळजवळ नेहमीच एका विषाणूमुळे होतो. त्याचं नाव एचपीव्ही. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की संबंध सुरू झाल्यावर बहुतेक बायकांना तो कधी ना कधी होऊन जातो. यात बाईचं काही वाईट वागणं नसतं. एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही तो होतो. बहुतेक जणींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, कळतही नाही. पण काहींच्या अंगात तो मुक्काम ठोकतो. मग पिशवीच्या तोंडाच्या पेशी हळूहळू बिघडत जातात, आणि त्यातून कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. म्हणजे पंचेचाळिशीत कळलेला आजार बहुधा विशी-पंचविशीत आत शिरलेला असतो. आपल्या देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो, आणि ८० हजारांच्या आसपास बायका त्यानं जातात.

आता पहिला प्रश्न, एवढ्या लवकर का? द्राक्षबाग असणाऱ्या बायकांना हे सांगायची गरज नाही. डावणी पानावर दिसायच्या आधी फवारा मारतात, घड सडल्यावर नाही. लसीचंही तसंच आहे. ती विषाणूला आत शिरू देत नाही, पण आत शिरलेल्याला बाहेर काढत नाही. म्हणून ती ९ ते १४ या वयात द्यायची, म्हणजे संबंध सुरू व्हायच्या पुष्कळ आधी. शिवाय या वयात शरीर लसीला जास्त जोरात उत्तर देतं. नंतरच्या वयातही ती घेता येते, पण फायदा कमी होत जातो.

"लोक काय म्हणतील" याचं उत्तर मला आपल्याच बाळंतपणात सापडतं. बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत त्याला कावीळ-ब ची लस टोचतात. कावीळ-ब चा विषाणूसुद्धा इतर वाटांबरोबर शरीरसंबंधातून पसरतो आणि त्यानंही पुढे कॅन्सर होतो, लिव्हरचा. त्या लसीला कुणी कधी नावं ठेवली का? मग हिलाच का ठेवायची?

आता सगळ्यात जड शंका, पोरी गेल्याची. हे पूर्णपणे हवेतून आलेलं नाही, म्हणून नीट सांगते.

२००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात २३ हजारांहून जास्त मुलींना ही लस दिली गेली. त्यानंतरच्या काळात त्यातल्या सात मुली दगावल्या. मोठा गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं काम थांबवलं. चौकशी बसली. कुणी पाण्यात बुडून गेली होती, कुणी साप चावून, कुणी कीटकनाशक पोटात जाऊन, कुणी मलेरियानं. या मृत्यूंचं कारण लस असल्याचं चौकशीत निघालं नाही. हजारो मुलींचा गट वर्षभर पाहिला तर त्यात दुर्दैवानं काही मृत्यू होतातच, लस दिली तरी आणि नाही दिली तरी.

पण दुसरी एक गोष्ट मात्र खरंच चुकली होती. वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीच्या कागदावर आई-बापांऐवजी वॉर्डननं सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे मारले. माझं मत विचाराल तर लोकांचा विश्वास तिथं तुटला. सुईमुळे तो तुटला नाही, आई-बापांना न विचारल्यामुळे तुटला. म्हणून तुमची मुलगी आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात असेल तर आधीच कळवून ठेवा, की लस द्यायची असेल तर आम्हाला बोलवा, सही आम्ही करू.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही एक वेगळं काम चालू होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथं १९८७ पासून आसपासच्या खेड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची गावोगाव फिरून नोंद ठेवली जाते. २००९ मध्ये बार्शी, पुणे आणि देशातल्या इतर काही केंद्रांनी मिळून एक अभ्यास सुरू केला. १० ते १८ वयाच्या, लग्न न झालेल्या मुली घ्यायच्या, निम्म्यांना लसीचे दोन डोस आणि निम्म्यांना तीन डोस द्यायचे, आणि दोन पुरतात का ते बघायचं. एप्रिल २०१० च्या सरकारी आदेशानं हे कामही मध्येच थांबलं. तोवर १७ हजारांहून जास्त मुलींना लस मिळाली होती. कुणाचे तीन डोस झाले होते, कुणाचे दोन, आणि पाच हजारांच्या आसपास मुलींना एकच डोस मिळून पुढचा राहून गेला होता.

डॉक्टरांनी या मुलींना सोडून दिलं नाही. त्या मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली. लग्नाला दीड वर्ष झाल्यावर किंवा पहिलं बाळंतपण होऊन सहा महिने झाल्यावर त्यांच्या पिशवीच्या तोंडाचा नमुना घेऊन विषाणू तपासला. शेजारी लस न घेतलेल्या बायकांचेही नमुने घेतले. दहा वर्षांनंतरचा निकाल २०२१ मध्ये छापून आला. कॅन्सर करणारे सगळ्यात वाईट दोन प्रकार, म्हणजे १६ आणि १८ नंबरचा विषाणू, अंगात टिकून राहण्यापासून एका डोसनं ९५ टक्के संरक्षण मिळालं होतं. दोन आणि तीन डोसवाल्यांत ते ९३ टक्के होतं, म्हणजे जवळपास तेवढंच. सोप्या हिशेबात सांगायचं तर लस नसती तर ज्या शंभर जणींच्या अंगात हा विषाणू ठाण मांडून बसला असता, त्यातल्या साधारण पाच जणींच्याच अंगात तो बसला. पुढे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं २० वर्षांपर्यंतच्या मुलींना एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागे असेच अभ्यास होते. गंमत बघा, भीतीपोटी थांबवलेल्या कामातूनच हे कळलं.

आणि याच गोष्टीत मूल राहण्याच्या शंकेचं उत्तरही आहे. बाळंतपण झाल्यावर ज्यांचे नमुने घेतले, त्या लस घेतलेल्या मुलींनाच मुलं झालेली होती. लसीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. असतं ते फक्त त्याच्या बाहेरच्या कवचासारखं प्रथिन. शेंगदाणा काढून घेतलेलं टरफल म्हणा. ते उगवत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख पटते. ते अंडाशयाला किंवा पिशवीला हात लावत नाही. मुलीची पाळी सुरू झालेली असो वा नसो, लस घेता येते. त्या दिवशी पाळी चालू असली तरी चालतं.

त्रास काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. दंडावर सुई टोचतात, तिथं एक-दोन दिवस दुखतं, थोडी सूज येते. कुणाला अंगात कणकण येते, डोकं दुखतं. या वयाच्या मुलींना सुईच्या भीतीनं चक्करही येते, आणि एक पडली की रांगेतल्या आणखी दोघी पडतात! म्हणून मुलीला उपाशी पाठवू नका, बसवूनच सुई द्यायला सांगा, आणि नंतर अर्धा तास तिथंच थांबा. साधी चक्कर असेल तर मुलगी पांढरी पडते, घाम येतो, आडवं करून पाय वर केले की काही मिनिटांत हुशारी येते. पण अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर ती ॲलर्जी समजा आणि लगेच नर्सताईंना हाक मारा. असं फार क्वचित होतं आणि त्यावरचं इंजेक्शन लस देण्याच्या ठिकाणी ठेवलेलं असतं. अर्धा तास थांबायचं ते यासाठीच. जोराचा ताप असेल तर लस पुढे ढकला. आधी कुठल्या लसीची मोठी ॲलर्जी आली असेल तर आधीच सांगा. गरोदरपणात ही लस देत नाहीत.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही आपल्याकडे बनलेली लस जानेवारी २०२३ मध्ये आली, तेव्हा खाजगीत एका डोसची किंमत २००० रुपये होती. खाजगीत पैसे मोडायच्या आधी आपल्या उपकेंद्रात किंवा चांदवडच्या सरकारी दवाखान्यात कोणत्या वयाच्या मुलींना लस देतात ते आशाताईंना विचारून घ्या. लस घेतल्याचं कार्ड घरातल्या रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढा. लग्न होऊन मुलगी दुसऱ्या तालुक्यात गेली की तोच पुरावा लागतो.

एक गोष्ट लसीच्या हातात नाही. ती विषाणूच्या सगळ्या प्रकारांना अडवत नाही, म्हणून लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावीच लागेल. आणि तिच्या आईसाठी, म्हणजे तुमच्यासाठी, तर तपासणी हाच मुख्य उपाय आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला होता, त्याचा निकाल २००९ मध्ये आला. ज्या गटाची एकदाच विषाणूची तपासणी केली, त्यात पुढच्या आठ वर्षांत ३४ बायका या कॅन्सरनं गेल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न केलेल्या गटात ६४ गेल्या. सरकारी दवाखान्यात आपल्याकडे साधी तपासणी होते. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगरसारखं औषध लावतात, मिनिटभरानं बिघडलेला भाग पांढरा दिसतो. सुई नाही, भूल नाही. तीस वर्षं पूर्ण झाली की दर पाच वर्षांनी ती करायची. मात्र संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसत असेल किंवा अंगावरून वास येणारं पाणी जात असेल, तर पाच वर्षांची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा. मुलीच्या लसीला दवाखान्यात जाल, तेव्हा स्वतःच्या तपासणीचा वारही तिथंच विचारून या.